खनिज, पीएओ की एस्टर? कॉम्प्रेसरचे तेल निवडताना बेस ऑइलचे गट कसे ओळखावेत

लातूरच्या डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन रंग पाहून काळा दाणा वेगळा काढते, आणि तो दाणा उडवण्याचे काम दाबाखालच्या हवेची बारीक फुंकर करते. ही हवा पुरवणारा स्क्रू कॉम्प्रेसर बहुतेक मिलमध्ये पत्र्याच्या खोलीत बसवलेला असतो. तुरीचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि पुढे उन्हाळ्यातही मिल जोरात चालू राहते. म्हणजे कॉम्प्रेसरवर सर्वांत जास्त भार असतो तेव्हाच बाहेरचे तापमान ४० ते ४२ अंशांवर गेलेले असते. अशा ठिकाणी देखभालीचे काम नव्याने हाती घेतलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो तेलाचा. दुकानदार एकाच व्हीजी ४६ ग्रेडचे, म्हणजे सारख्याच जाडपणाच्या तेलाचे, तीन डबे पुढे ठेवतो, त्यांच्या किमतींत तिपटीचा फरक असतो, आणि तिन्हींवर जवळजवळ सारखाच मजकूर असतो. हा फरक कशाचा आहे आणि तो केव्हा पैसे देण्याजोगा आहे, हे या एका कॉम्प्रेसरच्या आधारे टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा : गट म्हणजे काय, ते समजून घेणे

कोणत्याही वंगण तेलाचा मोठा भाग बेस ऑइलचा असतो. कॉम्प्रेसर किंवा टर्बाइनच्या तेलात हा भाग ९५ टक्क्यांहूनही अधिक असू शकतो आणि उरलेले अॅडिटिव्ह असतात. म्हणून या तेलांमध्ये बेस ऑइल कोणते, यावरच बरेच काही ठरते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, या संस्थेने बेस ऑइलचे पाच गट केले आहेत आणि जगभर तीच विभागणी वापरली जाते.

पहिले तीन गट कच्च्या तेलापासून येतात. ग्रुप १ मध्ये नको असलेले घटक द्रावक वापरून वेगळे काढलेले असतात. संतृप्त हायड्रोकार्बनचे प्रमाण ९० टक्क्यांपेक्षा कमी, किंवा गंधक ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त, यांपैकी एक जरी लागू झाले तरी तेल या गटात जाते. मुंबईत माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत वंगणासाठीची बेस ऑइल तयार होतात. तरीही देशाला लागणाऱ्या बेस ऑइलचा मोठा भाग आयात करावा लागतो आणि त्यामुळे डॉलर व क्रूडचे भाव हलले की आपल्या डब्याचा भावही हलतो. ग्रुप २ मध्ये नको असलेले रेणू काढून टाकण्याऐवजी त्यांच्यावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यांचे संतृप्त रेणूंत रूपांतर केलेले असते, म्हणून तेल पाण्यासारखे स्वच्छ दिसते. ग्रुप ३ मध्ये हीच प्रक्रिया अधिक कठोरपणे केलेली असते. तापमान बदलले तरी जाडपणा किती टिकतो हे सांगणारा व्हिस्कॉसिटी इंडेक्स ग्रुप १ आणि २ मध्ये ८० ते १२० च्या दरम्यान असतो, तर ग्रुप ३ चा १२० किंवा त्याहून जास्त असावा लागतो.

ग्रुप ४ मध्ये फक्त पॉलिअल्फाओलेफिन, म्हणजे बाजारात ज्याला पीएओ म्हणतात ते येते. हे कच्च्या तेलातून गाळून काढलेले नसते. इथिलीनपासून बहुधा १-डेसीन नावाचा ठरावीक लांबीचा रेणू बनवतात, असे काही रेणू एकमेकांना जोडतात आणि शेवटी हायड्रोजन देऊन ते स्थिर करतात. खनिज तेलात हजारो आकारांचे रेणू एकत्र असतात, येथे मोजक्याच आकारांचे असतात. मेण नाही, गंधक नाही आणि सहज उडून जाणारे हलके रेणूही फार थोडे. ग्रुप ५ मध्ये बाकी सर्व काही येते : एस्टर, पीएजी म्हणजे पॉलिअल्किलीन ग्लायकॉल, सिलिकॉन आणि नॅफ्थेनिक खनिज तेलसुद्धा. त्यामुळे ‘पाचवा गट म्हणजे सर्वांत वरचा दर्जा’ ही समजूत चुकीची आहे. हे आकडे दर्जाची पायरी दाखवत नाहीत, बनवण्याची पद्धत आणि रेणूंची जात दाखवतात.

दुसरा टप्पा : आपल्या मशीनचे खरे तापमान लिहून ठेवणे

तेल विकत घेण्याआधी कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर दिसणारे डिस्चार्ज तापमान आठवडाभर, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, वहीत लिहावे. ऑइल इंजेक्टेड स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये हे तापमान साधारणपणे खोलीतल्या हवेपेक्षा ५० अंशांच्या आसपास वर असते. बाहेर ४१ अंश असताना पत्र्याखालच्या खोलीत ४६ ते ४८ अंश सहज होतात, म्हणजे तेल ९५ ते १०० अंशांवर काम करते. बहुतेक मशीन ११० च्या आसपास ट्रिप होतात, तेव्हा ती चालत राहतात आणि कुणाच्या लक्षात काही येत नाही. तेलाचे आयुष्य मात्र तेथेच घटते.

कामापुरता धरण्याचा नियम असा आहे की, तेल ज्या तापमानाला चालते ते प्रत्येक १० अंशांनी वाढले की ऑक्सिडेशनचा वेग जवळपास दुप्पट होतो आणि तेलाचे आयुष्य निम्मे होते. डब्यावर किंवा माहितीपत्रकावर लिहिलेले तास साधारणपणे ८० ते ८५ अंशांचे असतात. ‘२००० तास’ असे लिहिलेले खनिज तेल ८५ अंशांना २००० तास टिकत असेल, तर ९५ अंशांना १००० तासांचाच हिशेब धरावा लागतो. माझ्या मते मराठवाड्यात तेलाविषयी होणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे. तेल खराब नसते. त्याच्या तासांचा हिशेब थंड हवेचा केलेला असतो.

तिसरा टप्पा : माहितीपत्रकावरून गट ओळखणे

डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ या शब्दावरून गट कळत नाही. पूर्वी हा शब्द पीएओ आणि एस्टरसाठीच वापरला जात असे. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातील जाहिरातीच्या वादात तेथील नॅशनल अॅडव्हर्टायझिंग डिव्हिजनने ग्रुप ३ लाही सिंथेटिक म्हणण्यास आक्षेप घेतला नाही, आणि त्यानंतर हा शब्द दोन्ही अर्थांनी रूढ झाला. ‘सेमी सिंथेटिक’ या शब्दात किती टक्के कोणते तेल आहे, हे तर अजिबात कळत नाही. म्हणून विक्रेत्याकडून उत्पादनाचे माहितीपत्रक, म्हणजे टीडीएस, मागून घ्यावे आणि त्यातील तीन ओळी पाहाव्यात.

पहिली ओळ व्हिस्कॉसिटी इंडेक्सची. तापमान बदलले तरी तेलाचा जाडपणा किती टिकतो, ते हा आकडा सांगतो. इंजिन ऑइलमध्ये पॉलिमर मिसळून तो वाढवलेला असतो, पण स्क्रू कॉम्प्रेसरच्या तेलात तसे सहसा करत नाहीत, त्यामुळे येथे तो बेस ऑइलची साक्ष देतो. व्हीजी ४६ च्या ग्रुप १ किंवा २ च्या तेलात हा आकडा १०० च्या आसपास, ग्रुप ३ मध्ये १२५ ते १३५ आणि पीएओमध्ये १३५ ते १४५ दिसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की, ४० अंशांना दोन्ही तेले ४६ सेंटिस्टोक असली, तरी १०० अंशांना खनिज तेल साधारण ६.८ वर येते आणि पीएओ ७.८ च्या जवळ राहते. एअर एंडमधील, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतात त्या भागातील, बेअरिंगला उन्हाळ्याच्या दुपारी मिळणारी तेलाची फिल्म या फरकावर अवलंबून असते.

दुसरी ओळ पोअर पॉइंटची, म्हणजे ज्याखाली तेल वाहणे थांबते त्या तापमानाची. खनिज तेलात तो उणे ९ ते उणे २४, ग्रुप ३ मध्ये थोडा आणखी खाली आणि पीएओच्या व्हीजी ४६ मध्ये उणे ४५ किंवा त्याहून खाली असतो. मराठवाड्यात डिसेंबरच्या पहाटेही पारा शून्यावर जात नाही, तेव्हा या गुणासाठी पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही. परंतु ओळख पटवण्यासाठी हा आकडा फार उपयोगी आहे, कारण उणे ५० चा पोअर पॉइंट खनिज तेलाला गाठता येत नाही आणि ग्रुप ३ लाही तो सहसा जमत नाही.

तिसरी ओळ घनतेची, आणि ती मिलमधल्या तराजूवरही तपासता येते. एक लिटरचे खात्रीचे माप घ्यावे, रिकामे असताना त्याचे वजन करावे आणि ३० अंशांच्या आसपासच्या तापमानाचे तेल काठोकाठ भरून पुन्हा वजन करावे. खनिज तेल सुमारे ८६० ग्रॅम भरेल, पीएओ ८२५ च्या आसपास, एस्टर ९०० च्या वर आणि पीएजी १००० च्या जवळ. डबा पीएओचा म्हणून घेतला आणि वजन ८६० आले, तर विक्रेत्याला प्रश्न विचारण्यास आधार आहे. या चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवावी. ग्रुप ३ आणि पीएओ यांची घनता इतकी जवळ असते की त्यांच्यातला फरक तराजू दाखवत नाही. तेथे पोअर पॉइंट पाहावा, किंवा सुरक्षा माहितीपत्रकात घटकांची यादी असेल तर त्यात 68037-01-4 हा सीएएस क्रमांक शोधावा. तो १-डेसीनपासून बनलेल्या पीएओचा आहे. पीएओ धोकादायक घटकांत मोडत नसल्याने काही कंपन्या तो छापत नाहीत, त्यामुळे क्रमांक नसणे हा पुरावा धरू नये.

चौथा टप्पा : लिटरचा नव्हे, तासांचा हिशेब करणे

आता ३७ किलोवॉटचा एक कॉम्प्रेसर घेऊ. त्यात २० लिटर तेल बसते, तो वर्षाला ५००० तास चालतो आणि हंगामात त्याचे तेल ९५ अंशांवर असते. खालील दर गणितासाठी धरलेले आहेत, प्रत्यक्षातले दर आपल्या विक्रेत्याकडून घेऊन त्यांच्या जागी टाकावेत. खनिज तेल २३० रुपये लिटर आणि ८५ अंशांना २००० तास, ग्रुप ३ चे तेल ४२० रुपये आणि ४००० तास, पीएओ ७५० रुपये आणि ८००० तास. ९५ अंशांना हे तास निम्मे होतात : १०००, २००० आणि ४०००.

खनिज तेलाची एक भरणी ४६०० रुपयांची आणि ती १००० तास पुरते. ग्रुप ३ ची भरणी ८४०० रुपयांची आणि २००० तासांची, म्हणजे १००० तासांना ४२०० रुपये. पीएओची भरणी १५,००० रुपयांची आणि ४००० तासांची, म्हणजे १००० तासांना ३७५० रुपये. डब्यावर तिप्पट महाग दिसणारे तेल तासांच्या हिशेबाने सर्वांत स्वस्त पडते. ऑइल फिल्टर १५०० रुपयांचा आणि एरवी २००० तासांनी बदलायचा असेल, तर खनिज तेलासोबत तो दर १००० तासांनी बदलावा लागतो. तो खर्च मिळवला की खनिज तेलाचा आकडा १००० तासांना ६१०० रुपये, ग्रुप ३ चा ४९५० आणि पीएओचा ४५०० होतो. तेल बदलण्यासाठी वर्षाला पाच वेळा मशीन थांबवण्याऐवजी दोनदाही थांबवावे लागत नाही, याची किंमत मिलमालक स्वतः जाणतो, विशेषतः मार्चमध्ये.

हेच गणित उलटेही फिरते, आणि ते तितक्याच प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. एखाद्या कारखान्यात तोच कॉम्प्रेसर हवेशीर खोलीत ८० अंशांवर आणि वर्षाला जेमतेम १५०० तास चालत असेल, तर खनिज तेल त्याला वर्षभर आरामात पुरते आणि वर्षाचा खर्च ४६०० रुपयांवर भागतो. धूळ, पाणी आणि हवेतील रसायने यांमुळे पीएओही वर्ष-दोन वर्षांत बदलण्याचाच सल्ला बहुतेक निर्माते देतात, म्हणून त्याचे उरलेले हजारो तास वापरलेच जात नाहीत. अशा ठिकाणी चांगल्या अॅडिटिव्हचे ग्रुप २ चे तेल घ्यावे आणि वाचलेल्या पैशातून खोलीतली गरम हवा बाहेर काढणारा डक्ट बसवावा. खोलीचे तापमान १० अंशांनी उतरले तर कोणत्याही गटाच्या तेलाचे आयुष्य दुप्पट होते, आणि हा उपाय तेलाच्या प्रत्येक बदलाबरोबर पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

पाचवा टप्पा : एस्टर कोठे घ्यावे आणि कोठे टाळावे

एस्टर हे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून बनते. त्याचे रेणू ध्रुवीय असल्याने ते धातूला चिकटून राहतात आणि तेल जळून तयार होणारा चिकट थर विरघळवतात. पिस्टन कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज व्हॉल्व्हवर तापमान फार वर जाते. खनिज तेल तेथे कार्बन धरते, हा कार्बन व्हॉल्व्ह अडवतो आणि वाईट प्रसंगी डिस्चार्ज लाइनला आग लागण्याचे कारणही ठरतो. अशा मशीनला डायएस्टर तेलाची जास्त किंमत खरोखर कामी येते.

डाळ मिलच्या स्क्रू कॉम्प्रेसरला मात्र शुद्ध एस्टर घेण्याआधी सॉर्टेक्सच्या बाजूला जाऊन पाहावे. तेथे हवेच्या लाइनवर एफआरएल युनिट, म्हणजे हवा गाळणारा आणि तिचा दाब ठरवणारा संच, असते आणि त्याची पारदर्शक वाटी अनेकदा पॉलिकार्बोनेटची असते. हवेबरोबर आलेले एस्टरचे सूक्ष्म थेंब या प्लास्टिकवर बारीक तडे पाडतात आणि दाबाखाली असलेली वाटी फुटू शकते. शेजारून जाणाऱ्या माणसाला त्यामुळे इजा होऊ शकते, म्हणून एस्टर वापरायचे असेल तर धातूच्या वाट्या आधी बसवाव्यात. एस्टरमुळे साधे नायट्राइल आणि निओप्रीन रबर फुगते आणि काही रंगही सुटतात. दुसरा दोष पाण्याचा आहे. पावसाळ्यात कॉम्प्रेसर कमी भाराने, थोडा थोडा वेळ चालला की तेल पुरेसे तापत नाही आणि हवेतील ओल आत पाणी होऊन साचते. गरम होण्याच्या प्रत्येक फेरीत हे पाणी एस्टरला तोडून आम्ल तयार करते.

पीएओचा स्वभाव उलट आहे. पाण्याचे त्याला फारसे वावडे नसते, पण अॅडिटिव्ह त्यात नीट विरघळत नाहीत आणि सील किंचित आकसतात. म्हणून चांगल्या पीएओ तेलात थोडे एस्टर मुद्दाम मिसळलेले असते, आणि या लहान प्रमाणाला वाटी किंवा सील सहसा दाद देत नाहीत. धान्याला हवा थेट लागते अशा जागी एनएसएफ एच१, म्हणजे अन्नाला चुकून लागू शकेल अशा वंगणाची, नोंदणी असलेले तेल मागावे. त्यातही पीएओ आधारित तेले मिळतात.

सहावा टप्पा : तेल बदलताना मिसळ टाळणे

खनिज तेलावरून पीएओवर येताना बहुतेक नुकसान पहिल्याच दिवशी होते. टाकीचा कॉक उघडून तेल काढले, तरी कूलर, नळ्या आणि एअर एंड यांत १० ते २० टक्के जुने तेल सहज राहते. हे जळके तेल नव्या तेलातील अँटिऑक्सिडंट खाऊन टाकते आणि ८००० तासांचे तेल त्यामुळे निम्म्यावरही येऊ शकते. म्हणून मशीन गरम असतानाच, पण दाब पूर्ण उतरल्याची खात्री करून, टाकीसह कूलरचे सर्वांत खालचे तोंड उघडावे आणि तेल निथळू द्यावे. ऑइल फिल्टर आणि सेपरेटर त्याच वेळी बदलावेत. आत तपकिरी थर दिसत असेल, तर पहिली भरणी धुण्यापुरती समजून काही तास चालवून काढून टाकावी. त्यासाठी निर्मात्याने सांगितलेले फ्लशिंग तेल वापरावे. आधीचे तेल पीएजीचे असेल, तर त्यावर खनिज तेल किंवा पीएओ अजिबात ओतू नये, कारण ती एकमेकांत मिसळत नाहीत आणि चिकट गाळ होऊन फिल्टर बसतो. काही कंपन्यांचे कॉम्प्रेसर कारखान्यातूनच पीएजी आणि एस्टरच्या मिश्रणावर येतात, तेव्हा जुने तेल कोणते हे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय टॉप-अपही करू नये. मशीन वॉरंटीत असेल तर निर्मात्याची लेखी संमती घ्यावी.

नवे तेल भरल्यावर ५०० तासांनी १०० मिलिलिटरचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा आणि त्यात ४० अंशांची व्हिस्कॉसिटी व आम्लांक पाहावा. तुलनेसाठी नव्या डब्यातील तेलाचाही नमुना पाठवावा. आम्लांक नव्या तेलापेक्षा १ ने वाढला किंवा व्हिस्कॉसिटी १० टक्क्यांहून अधिक सरकली, तर माहितीपत्रकावरचे तास विसरून तेल बदलावे. दोन नमुन्यांच्या मध्ये रोजची खूण साइट ग्लासवर मिळते. काचेच्या आतल्या कडेला मधासारखा पिवळसर पापुद्रा धरू लागला, आंबूस वास येऊ लागला किंवा त्याच हवेत डिस्चार्ज तापमान गेल्या महिन्यापेक्षा चार-पाच अंश वर राहू लागले, तर तेल खराब झाले आहे की कूलर धुळीने बुजला आहे, हे त्याच दिवशी पाहावे. कूलर साफ केल्यावरही तापमान उतरले नाही, तर पुढचा नमुना ठरल्या तारखेची वाट न पाहता पाठवावा. काढलेले तेल सेंटरिंगच्या प्लेटांना लावण्यासाठी देऊ नये. ते स्वतंत्र पिंपात, त्यावर तेलाचा प्रकार लिहून ठेवावे आणि वापरलेले तेल घेण्याची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच पावती घेऊन द्यावे.